झुरळे खरोखर कमी झाली का?

पेस्ट कंट्रोल झाल्यानंतर आठवडाभराने कंपनीचा फोन येतो, "मॅडम, आता कसं आहे?" आणि घरचे उत्तर देतात, "बरंच कमी वाटतंय." हे 'वाटणे' रात्री पाणी प्यायला उठल्यावर ओट्यावर किती झुरळे पळताना दिसली, यावरून ठरलेले असते. त्या रात्री दिवा पटकन लावला की हळू, कोण आधी उठले होते, ओटा पुसला होता की नाही, अशा कितीतरी गोष्टींनी हा आकडा बदलतो. शिवाय दिवसाउजेडी जी झुरळे दिसतात, ती घरातल्या झुरळांचा फारच छोटा हिस्सा असतात. बाकीची फ्रिजच्या मोटरच्या खणात, ट्रॉलीच्या पट्ट्यांमागे आणि ओट्याच्या फरशीच्या सांध्यात दाटीवाटीने बसून असतात. पैसे मोजून केलेल्या उपायाचे मोजमाप मात्र आपण अंदाजाने करतो.

त्यासाठी वीस-पंचवीस रुपयांचा पुठ्ठ्याचा एक तुकडा पुरतो. त्याच्या एका बाजूला न वाळणारा गोंद लावलेला असतो, आणि दुमडला की त्याचा छोटा बोगदा तयार होतो. बाजारात हा 'ग्लू ट्रॅप' किंवा 'रोच ट्रॅप' म्हणून मिळतो. उंदरांसाठी जे मोठे उघडे चिकट फळे विकतात, ते हे नव्हेत. ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत. दुमडलेला बोगदा वापरण्याचे एक साधे कारण म्हणजे पाल. उघड्या गोंदावर पाल हमखास अडकते. अडकलीच तर गोंदाच्या कडेने थोडे गोडेतेल सोडून तिला हलक्या हाताने सोडवता येते, पण तिथवर वेळ न आलेली बरी.

बहुतेक लोक हे सापळे झुरळे संपवण्यासाठी आणतात, आणि चार अडकली की खूश होतात. वाढलेली वसाहत अशा सापळ्यांनी संपत नाही. एक मादी एका वेळी तीस-चाळीस अंडी घालते, त्या वेगाला गोंद पुरा पडत नाही. सापळ्याचे काम मोजणीचे. झुरळे कुठे आहेत, कोणत्या वयाची आहेत आणि उपायानंतर काय बदलले, हे तो सांगतो. मारण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे, बहुधा जेलच्या ठिपक्यांकडे, सोपवायचे.

नीट मोजले की किती फरक पडतो, याचे चांगले उदाहरण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून पुढे आले. रॅले शहरातल्या तीस घरांमध्ये कीटकशास्त्रज्ञांनी दोन उपायांची तुलना केली. वीस घरांत दुकानात मिळणारे धुराचे डबे वापरले, म्हणजे झाकण दाबून खोली बंद केली की सगळीकडे फवारा सोडणारे. दहा घरांत जेल लावले. उपायापूर्वी, दोन आठवड्यांनी आणि महिन्याने झुरळांचे प्रमाण मोजले. जेलच्या घरांत झुरळे स्पष्टपणे घटली. धुराच्या डब्यांच्या घरांत घटलीच नाहीत. उलट ओट्यांवर आणि फरशीवर कीटकनाशकाचे अंश सरासरी ६०३ पट वाढलेले आढळले. धूर उघड्या पृष्ठभागांवर बसतो, फटीत शिरत नाही, आणि झुरळे फटीत असतात. डबा फोडल्यावर सकाळी ओट्यावर मेलेली झुरळे पाहून घरच्यांना मात्र उपाय जमला असे वाटू शकते. मोजणी केली नसती तर हे डबे उपयोगाचे वाटतच राहिले असते.

आपल्या स्वयंपाकघरांत मुख्यतः दोन जातींची झुरळे असतात. मोठे लालसर झुरळ गटारातून आणि मोरीच्या जाळीतून वर येते. ते साडेतीन-चार सेंटीमीटर लांब असते आणि बहुधा पाहुणे म्हणून येते. डोकेदुखी ठरते ते दुसरे, जेमतेम दीड सेंटीमीटरचे, फिकट तपकिरी, मानेवरच्या ढालीवर दोन काळ्या रेघा असलेले. शास्त्रज्ञ त्याला 'जर्मन झुरळ' म्हणतात, पण जनुकीय अभ्यासातून २०२४ मध्ये असे पुढे आले की त्याची उत्पत्ती सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरातल्या एका आशियाई जातीपासून झाली. ते गटारात नाही, आपल्या घरातच राहते. पुढचे सगळे याच छोट्या झुरळाबद्दल आहे.

सापळा कुठे ठेवायचा हे झुरळाच्या एका सवयीवरून ठरते. त्याला अंगाला काहीतरी टेकलेले लागते. उघड्या फरशीच्या मधून ते क्वचितच चालते. भिंतीच्या कडेने, पाईपच्या अंगाने, कोपऱ्याकोपऱ्याने जाते. म्हणून सापळा भिंतीला अगदी चिकटून, शक्यतो दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, तोंडे भिंतीच्या दिशेने धावणाऱ्या वाटेवर येतील असा ठेवायचा. भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवलेला सापळा निम्मे काम करतो, आणि खोलीच्या मधोमध ठेवलेला जवळपास काहीच करत नाही. जागा निवडताना ऊब, पाणी आणि अंधार हे तिन्ही जिथे एकत्र येतात ती ठिकाणे धरायची: सिंकखाली, फ्रिजमागे, शेगडीखालची ट्रॉली, पाण्याच्या प्युरिफायरची मागची बाजू, मिक्सर ठेवतो तो ओट्याचा कोपरा. एखादा सापळा मुद्दाम जिथे झुरळ नसावे असे वाटते तिथेही ठेवावा, उदाहरणार्थ धान्याच्या कपाटात. तिथे काही सापडले तर वसाहत पसरते आहे.

प्रत्येक सापळ्यावर पेनाने क्रमांक, जागा आणि तारीख लिहायची. दुपारी कामाला येणाऱ्या बाईंना आणि घरातल्या आजीला सांगून ठेवायचे की हे हलवू नका. हे सांगायचे राहिले, तर झाडताना सापळा सरकतो आणि मोजणीचा अर्थ जातो.

आता एक घर धरू. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला, ट्रॉलीचे स्वयंपाकघर. जेल लावण्याआधी सहा सापळे ठेवले, तीन रात्री तसेच राहू दिले. चौथ्या दिवशी सकाळी बोगदे उघडून मोजले. फ्रिजमागे ३१, शेगडीखालच्या ट्रॉलीत १४, सिंकखाली ९, मिक्सरच्या कोपऱ्यात ५, धान्याच्या कपाटात १, बाथरूममध्ये शून्य. एकूण ६०. सहा सापळे आणि तीन रात्री, म्हणजे एका सापळ्यात एका रात्रीला साधारण ३.३. हा आकडा घरातल्या झुरळांची संख्या नाही, हे नीट लक्षात ठेवावे. तो फक्त तुलनेसाठी आहे. पुढच्या वेळी त्याच जागा, तितकेच सापळे, तितक्याच रात्री असतील तरच तुलना होते. सापळा जेलनंतर ठेवला, तर सुरुवातीची बाजूच कोरी राहते आणि पुढचा आकडा कशाशी ताडायचा हेच कळत नाही. पुष्कळदा हीच चूक होते.

आकड्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे अडकलेल्यांचे वय. पूर्ण वाढलेल्या झुरळाला पंख असतात. पिल्लाला नसतात, अगदी लहान पिल्लू तीन मिलिमीटरचे, काळपट, पाठीवर फिकट खूण असलेले. आईच्या आसऱ्यापासून ते फार लांब जात नाही. म्हणून ज्या सापळ्यात बारकी पिल्ले ढिगाने अडकतात, त्याच्या हातभर अंतरात वसाहतीचा अड्डा असतो. त्यातही झुरळे बोगद्याच्या कोणत्या तोंडाजवळ जास्त अडकली हे पाहिले तर अड्डा कोणत्या बाजूला आहे याचा अंदाज येतो. आपल्या उदाहरणात फ्रिजमागच्या ३१ पैकी बहुतेक पिल्ले होती आणि ती फ्रिजच्या मोटरकडच्या तोंडाशी होती. साहजिकच जेल ओट्यावर नाही, मोटरच्या खणाच्या कडांना लावायला हवे. फक्त मोठी आणि तुरळक झुरळे असती तर ती बाहेरून येत आहेत असा संशय घ्यावा लागला असता.

जेलचे ठिपके मसुरीच्या दाण्याएवढे असतात. ते फटींच्या तोंडाशी, थोड्या थोड्या अंतरावर लावतात. मोठा गोळा एका जागी लावल्याने काही साधत नाही, तो वाळतो आणि बहुतेक झुरळांना त्याच्यापर्यंत यावेच लागत नाही. यात इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलसारखे औषध गोड आमिषात मिसळलेले असते. खाऊन आसऱ्यात परतलेले झुरळ मरते, आणि त्याची विष्ठा व प्रेत खाणाऱ्या पिल्लांनाही औषध पोचते. जेलजवळ सापळा लावू नये, आणि जेल लावल्यावर जवळपास स्प्रेही मारू नये. स्प्रेचा वास झुरळांना हाकलतो, मग ती जेलकडे फिरकत नाहीत. स्प्रे मारलेल्या रात्री सापळ्यात एकदम जास्त झुरळे अडकतात, कारण औषधाने ती बिळातून बाहेर उधळतात. तो आकडा पाहून कोणी म्हणतो उपायाने झुरळे वाढली, कोणी म्हणतो सापळ्याने काम केले. दोन्ही चूक. म्हणून तुलनेची मोजणी स्प्रेच्या लागलीच नंतर घेऊ नये.

दोन आठवड्यांनी त्याच जागी नवे सापळे, पुन्हा तीन रात्री. फ्रिजमागे ४, ट्रॉलीत ६, सिंकखाली १, मिक्सरच्या कोपऱ्यात १, कपाट आणि बाथरूम शून्य. एकूण १२. आधी ६०, आता १२, म्हणजे ८० टक्के घट. इथे बहुतेक घरांत उपाय संपला असे समजतात, आणि कंपनीच्या फोनला "छान झालं" असे उत्तर जाते.

चौथ्या आठवड्यात सापळे काढले तर फ्रिजमागे २, सिंकखाली १, आणि ट्रॉलीत १७. एकूण २०. बाराचे वीस झाले. आता घरात नाराजी आणि कंपनीशी भांडण सुरू होते. जेलवर शेजारच्यांचेही मत येते, "आमच्याकडेही असंच झालं, काही उपयोग नाही." पण भांडायच्या आधी त्या १७ झुरळांकडे नीट पाहावे. सगळी बारकी, काळपट, पंख नसलेली. एकही पूर्ण वाढलेले नाही. म्हणजे जुनी पिढी मेली आणि नवी नुकतीच बाहेर आली आहे.

याचे उत्तर मादीच्या वागण्यात आहे. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची कुपी शरीराच्या मागे धरून ठेवते आणि अंडी फुटायच्या अगदी आधीपर्यंत टाकत नाही. साधारण तीन-चार आठवडे ती ही कुपी घेऊन बसते. त्या काळात ती कमी खाते आणि कमी हिंडते, म्हणून जेलच्या वाटेवर येत नाही आणि सापळ्यातही अडकत नाही. दोन आठवड्यांच्या मोजणीत ती दिसलीच नाही. ट्रॉलीच्या लोखंडी पट्ट्यांमागे दोन-चार माद्या अशाच बसून राहिल्या असतील, तर महिन्याच्या सुमारास प्रत्येकीची पिल्ले बाहेर पडतात. म्हणजे चौथ्या आठवड्यातली वाढ उपाय फसल्याची खूण नाही, पण उपाय पुरा न झाल्याची आहे. एकूण संख्या पाहून चिडायचे की ट्रॉली उचकून तिच्या पट्ट्यांना, बिजागऱ्यांना नवे ठिपके लावायचे, एवढाच निर्णय करायचा असतो. सतरा पिल्ले कुठे बसली आहेत हे आता माहीत आहे, त्यामुळे दुसऱ्या वेळी जेल थोडेच लागते.

दोन आठवड्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. वार्षिक कंत्राटाच्या कागदावर 'सेवा पूर्ण' असा शिक्का मारायचा असेल तर तो निदान आठव्या आठवड्यानंतर. ऊबदार स्वयंपाकघरात पिल्लू मोठे व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. चौथ्या आठवड्यातली पिल्ले जिवंत राहिली तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात ती पंखवाली होऊन सापळ्यात दिसतात, आणि त्यांच्यातल्या माद्या पुन्हा कुप्या धरू लागतात. तोवर शांत राहिले तर घट खरी.

आकडा जराही हलला नाही तर काय? मग सापळा एकटा उत्तर देत नाही, त्याच्यासोबत जेलचे ठिपकेही तपासावे लागतात. दोन आठवड्यांनी ठिपके तसेच, न कुरतडलेले आढळले, तर झुरळे आमिष खातच नाहीत. त्यामागे एखादे साधे कारण असू शकते: शेजारी तेलाचा थर, भाताचे कण, रात्रभर पडून राहिलेली खरकटी भांडी. पर्यायी जेवण असले की जेलला कोण विचारतो! पण एक विचित्र कारणही आहे. १९९३ मध्ये ज्यूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने काही झुरळे ग्लुकोज असलेले जेल टाळतात, असे दाखवले. २०१३ मध्ये त्यांच्यासह इतर संशोधकांनी त्याचे कारणही स्पष्ट केले: त्या झुरळांच्या तोंडातल्या चवीच्या पेशींना ग्लुकोज कडू लागते. आमिष गोड करायला जे घातले, तेच टाळणाऱ्या झुरळांच्या पुढच्या पिढ्या उरल्या. अशा वेळी त्याच कंपनीचे तेच जेल जास्त लावण्याने काही होत नाही, आमिषाचा आधार बदललेले दुसरे जेल लागते. याउलट ठिपके खाल्लेले आढळले आणि मोजणी तीच राहिली, तर एक तर झुरळे त्या औषधाला सरावली आहेत किंवा मेलेल्यांच्या जागी नवी येत आहेत. सरावली असतील तर औषधाचा गट बदलावा लागतो. नवी येत असतील तर त्यांची वाट शोधावी लागते.

आकडा खोटा ठरण्याचे आणखी काही मार्ग आहेत, आणि त्यांतले बरेच घरातच तयार होतात. फोडणीच्या वाफेने गोंदावर तेलाचा पातळ थर बसला किंवा पीठ उडाले, तर गोंद चिकटत नाही आणि सापळा सदैव स्वच्छ दिसतो. बोटाने स्पर्श करून पाहिले की कळते. गोंद बोट ओढून धरतो की सहज सुटते? सुटत असेल तर ती शून्याची नोंद खरी मानायची नाही. फार झुरळे असलेल्या जागी उलट अडचण येते: सापळा भरतो आणि नंतर येणारी झुरळे अडकलेल्यांच्या पाठीवरून चालत जातात. अशा जागी एकाऐवजी दोन सापळे ठेवावेत किंवा रात्री कमी कराव्यात. मुंग्या लागल्या तर त्या अडकलेली पिल्ले उचलून नेतात, मागे पाय-मिशा राहतात. ते पाय मोजणीत धरायला हरकत नाही, पण एका झुरळाला सहा पाय असतात एवढे ध्यानात ठेवून. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा वाढला की झुरळे कमी हिंडतात, आणि पाहुणे गावाला गेल्यावर स्वयंपाकघर आठवडाभर बंद असले तरी आकडा पडतो. म्हणून आधीची आणि नंतरची मोजणी शक्यतो त्याच ऋतूत, त्याच स्वयंपाकाच्या दिनक्रमात व्हावी.

शून्याबद्दल एक सांगायचे राहिले. सापळा फक्त तिथून जाणाऱ्यांना पकडतो. सहा सापळ्यांत तीन रात्री काहीच सापडले नाही, याचा अर्थ त्या सहा वाटांवरून तीन रात्री कोणी गेले नाही इतकाच. म्हणून एका शून्यावर थांबत नाहीत. लागोपाठ दोन-तीन मोजण्या शून्य आल्या, त्यात निदान एक महिन्याचे अंतर गेले, आणि गोंद चांगला होता, तर मग बोलता येते.

आपल्या फ्लॅटकडे परत येऊ. दुसरी फेरी लावून आठव्या आठवड्यात मोजणी केली. फ्रिजमागे शून्य, ट्रॉलीत शून्य, मिक्सरच्या कोपऱ्यात शून्य. सिंकखाली २, दोन्ही पंखवाली, पूर्ण वाढलेली. आधीच्या साठाच्या तुलनेत ९७ टक्के घट. बहुतेक लोक हा आकडा पाहून थांबतील. पण त्या दोघांची हकीकत वेगळी आहे. महिन्यापूर्वीची सगळी पिल्ले ट्रॉलीत होती. सिंकखाली कधी बारके पिल्लू फारसे सापडले नव्हते. एका पिल्लाशिवाय दोन मोठी झुरळे सापडतात, तेव्हा त्यांचा जन्म या जागी झालेला नसण्याची शक्यता जास्त. सिंकच्या पाईपभोवती भिंतीत पाईपपेक्षा मोठे भोक असते आणि पलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर असते. इमारतीत ही छोटी झुरळे पाईपच्या भोकांतून एका घरातून दुसऱ्यात जातात. म्हणून इथे जेल नाही, सिमेंट किंवा सिलिकॉन लागते. भोक बुजवून महिन्याने सिंकखाली पुन्हा एक सापळा तीन रात्री ठेवायचा. तोही रिकामा निघाला तर बाहेरून येणे थांबले. पुन्हा पंखवालीच सापडली तर दुसरे भोक शोधायचे, आणि मग गोष्ट एका घराची राहत नाही. सोसायटीच्या बैठकीत 'झुरळे फार झाली आहेत' असे सांगण्याऐवजी तारखा आणि सापळ्यांचे आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवला, तर शेजारच्या आणि खालच्या घरातही एकाच दिवशी सापळे लावावेत, असे सर्वांकडून ठरवून घेणे थोडे सोपे जाते.